नातवाला दिलेला फ्लॅट खरंच दिला गेलाय का?

*वय 68, निवृत्त. पत्नी हयात नाही. एक मुलगा, एक मुलगी. मुलाचा मुलगा 11 वर्षांचा. ठाण्यातला फ्लॅट मी गेल्या वर्षी बक्षीसपत्र नोंदवून नातवाला दिला. त्यात लिहिलंय: 'नातू वयाची 25 वर्षे पूर्ण करील तर सदनिका त्याच्या मालकीची होईल, तोपर्यंतचे भाडे लिहून देणार स्वतः घेतील.' भाडं 22 हजार येतं. ओळखीचे विमा एजंट म्हणतात, त्यातले 10 हजार दरमहा नातवाच्या नावे चाइल्ड प्लॅनमध्ये 14 वर्षं भरा, फ्लॅटच्या जोडीला 40 लाख मिळतील. भरू का?*

नको. चौदा वर्षांत तुम्ही 16 लाख 80 हजार भरणार. त्याचे 40 लाख व्हायला दरसाल 11 टक्के सुटायला हवेत. पारंपरिक विमा योजनेत पाच-साडेपाच टक्के धरा, म्हणजे हातात 25 लाखांच्या आसपास. शिवाय विमा 11 वर्षांच्या मुलाचा! त्याच्या कमाईवर घरात कोण अवलंबून आहे, हे एजंटांना विचाराच.

पण माझी नजर पॉलिसीवर नाही, 'करील तर' या दोन शब्दांवर अडली. मुद्रांक शुल्क 200 रुपये म्हणून लोक बक्षीसपत्र उरकून टाकतात आणि मसुदा कोणी वाचत नाही.

वकील ज्याला व्हेस्टेड हक्क म्हणतात, तो आजच मिळालेला असतो. फक्त ताबा किंवा उपभोग पुढे ढकललेला असतो. कंटिंजंट हक्क अट पूर्ण झाली तरच जन्माला येतो. 'फ्लॅट आज नातवाला दिला, ताबा 25व्या वर्षी' हा पहिला प्रकार. तुमचा दुसरा. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 21मध्ये नेमक्या अशा वयाच्या अटीसाठी एक अपवाद आहे: त्या वयापर्यंतचं उत्पन्नही त्या मुलालाच दिलं असेल, किंवा त्यातलं लागेल तेवढं त्याच्यासाठी खर्च करायला सांगितलं असेल, तर हक्क कंटिंजंट राहत नाही. भाडं स्वतःकडे ठेवून तुम्ही तीही वाट बंद केलीत.

आता समजा, तुम्ही 75व्या वर्षी गेलात. नातू तेव्हा 18चा. फ्लॅट अजून त्याचा नाही. तो तुमच्या वारसांकडे, म्हणजे मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांच्याकडे निम्मा-निम्मा जाईल, डोक्यावर नातवाची अट घेऊन. पुढची सात वर्षं भाडं कोणाचं? 'लिहून देणार' तर हयात नाहीत. मुलगी निम्मं मागेल, आणि माझ्या मते तिचं बरोबर असेल. नातू 25च्या आत दुर्दैवाने गेला, तर फ्लॅट वारसांकडेच राहील. हाच हक्क व्हेस्टेड असता, तर अविवाहित नातवाच्या पश्चात फ्लॅट एकट्या सुनेला गेला असता; हिंदू वारसा कायद्यात मुलाची आई पहिल्या वर्गात येते, बाप दुसऱ्या. हे ऐकून पुष्कळ आजोबा दचकतात. तुम्हाला कोणतं चालेल, ते आधी ठरवा.

नोंदलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून रद्द करता येत नाही. पण स्वतःकडे जे उरलंय ते देता येतं. तेव्हा दुसरं बक्षीसपत्र करा: मालकी आजपासून नातवाची, भाडं माझ्या हयातीत माझं, माझ्यानंतर नातवाचं. आधी दुसऱ्याला उपभोग दिला, एवढ्यानं हक्क कंटिंजंट ठरत नाही, असं कलम 19चं स्पष्टीकरणच सांगतं. दोन साक्षीदार, नोंदणी आणि नातवाच्या वतीने मुलाची स्वीकृती, तीही तुमच्या हयातीत, एवढं बघा. नातू अल्पवयीन असताना मुलाला हा फ्लॅट कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, हे तुमच्या पथ्यावरच पडेल.

यात 25 वर्षांचा हट्ट मात्र सोडावा लागेल. मालकी पूर्ण देऊन 'ताबा 25ला' असं लिहिलं, तरी तुमच्या पश्चात 18 पूर्ण झालेला नातू ते बंधन झुगारू शकतो. 18व्या वर्षी तो फ्लॅट विकेल, ही भीती खरी असेल तर ट्रस्टचं बोला. खरं तर तुम्हाला मृत्युपत्रच हवं होतं, कधीही बदलता येणारं. ती वेळ या फ्लॅटपुरती गेली.

वकिलांकडे जाताना मूळ बक्षीसपत्र न्या, आणि त्याआधी मुलीला सांगा. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख एकदाच आहे, आणि आज तुमच्या पश्चात निम्मं भाडं तिच्याकडेच जाणार आहे.