‘कोठा जड होणे’, ‘बद्धकोष्ठ’ आणि पाळीच्या आधीचे चार दिवस

प्रश्न : वेंगुर्ल्याकडे बायका म्हणतात, ‘पाळी येवच्या आदी कोठो जड होता.’ डॉक्टर कागदावर ‘बद्धकोष्ठता’ लिहितात. दोन्ही एकच का? आणि पाळी आली की तोच कोठा ‘सुटतो’ म्हणतात, ते खरंच तसं घडतं की बोलण्याची रीत?

उत्तर :

दोन्ही एकच नाहीत. फरक नामापेक्षा क्रियापदात जास्त आहे. ‘कोठा’ हा संस्कृत ‘कोष्ठ’पासून आला. मूळ अर्थ आतली जागा, साठवण्याची खोली. ‘कोठार’ त्याच घरातलं. आयुर्वेदात कोष्ठाचे मृदु, मध्यम आणि क्रूर असे प्रकार सांगतात, आणि तो माणसाचा कायमचा स्वभाव मानतात. एखाद्याला नुसत्या गरम दुधाने पोट साफ होतं, दुसऱ्याला एरंडेल घेऊनही दोनदा विचार करावा लागतो. आपण ‘त्याचा कोठा जड आहे’ म्हणतो तेव्हा हाच स्वभाव सांगत असतो. ‘कोठा जड होतो’ म्हटलं की स्वभाव नाही, अवस्था. ती येते आणि जाते. वेंगुर्ल्याच्या वाक्यात ‘पाळी येवच्या आदी’ हे शब्द जोडलेले आहेत, म्हणजे ती कधी येते तेही त्यात सांगून झालं. डॉक्टरांच्या ‘बद्धकोष्ठता’ या शब्दात वेळ नाही. कागदावर तेवढाच शब्द उरला, तर ‘महिनाभर की ठरावीक दिवसांत’ हा उपचारासाठी सगळ्यात उपयोगाचा तपशील गळून पडतो.

जाता जाता ‘बद्धकोष्ठ’ या रूपाबद्दल. ज्याचा कोष्ठ बद्ध आहे तो, असा हा समास, म्हणजे मुळात विशेषण. ‘मला बद्धकोष्ठ झालं’ हे व्याकरणाच्या काटेकोर माणसाला खटकेल, पण मराठीत ते नाम म्हणून इतकं रुळलंय की आता त्यावर भांडण्यात अर्थ नाही. ‘मलावरोध’ही चालतो. ‘आंत्रावरोध’ मात्र वेगळा. त्यात आतडं खरोखर अडतं, उलट्या होतात, वाराही सरत नाही, आणि माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावं लागतं. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

आता ‘होतो’ आणि ‘सुटतो’ या क्रियापदांमागचं शरीर पाहू.

रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस धरायचा. 28 दिवसांच्या चक्रात साधारण 14व्या दिवसाच्या आसपास अंडमोचन होतं, म्हणजे अंडाशयात अंडं धरून असलेली पुटिका फुटून अंडं बाहेर येतं. उरलेल्या पुटिकेचा पीतपिंड बनतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करू लागतो. पहिल्या पंधरवड्यात रक्तातलं प्रोजेस्टेरॉन एका मिलिलिटरमध्ये 1 नॅनोग्रॅमच्याही खाली असतं. 21व्या दिवसाच्या सुमारास ते शिखरावर पोचतं आणि पुष्कळदा 10 च्या वर जातं. अंडमोचन झालं की नाही हे पाहायला ‘डे 21’ची रक्ततपासणी सांगतात ती म्हणूनच. ज्यांचं चक्र 35 दिवसांचं आहे त्यांच्यात हे शिखर 21व्या नव्हे, 28व्या दिवसाजवळ येतं, कारण चक्र लांबतं ते सहसा पहिल्या भागात. अंडमोचनानंतरचा भाग साधारण दोन आठवड्यांचाच राहतो. म्हणून मोजणी पुढच्या पाळीपासून मागे करावी.

प्रोजेस्टेरॉनचं एक काम गर्भाशयाचा स्नायू शांत ठेवणं. पण ज्या जातीचा अनैच्छिक स्नायू गर्भाशयात आहे त्याच जातीचा आतड्याच्या भिंतीतही आहे, आणि तोही सैलावतो. मोठ्या आतड्याची ढकलण्याची लय मंदावली की मळ तिथे जास्त वेळ थांबतो, आणि मोठं आतडं तर पाणी शोषून घ्यायलाच बसलेलं असतं. जितका मुक्काम जास्त तितकं पाणी कमी, तितके खडे घट्ट. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन कित्येक पट वाढतं आणि बद्धकोष्ठ ही तेव्हाची नेहमीची तक्रार असते, तिथेही हे एक मोठं कारण. पाळीच्या चक्रात मात्र आतड्याचा वेग मोजणाऱ्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. काहींत अंडमोचनानंतर वेग कमी सापडला, काहींत फरकच नाही. त्यामुळे ‘प्रत्येकीला होतंच’ असं म्हणू नये. ज्यांचं आतडं आधीच नाजूक असतं त्यांना हा चढउतार जास्त जाणवतो.

इथे एक शंका येते. शिखर 21व्या दिवशी, मग कोठा 25व्या ते 28व्या दिवशी का जड? कारण तोंडातून खाली पोचायला अन्नाला एक ते तीन दिवस लागतात. 25व्या दिवशी जो मळ उतरत नाही तो 22व्या-23व्या दिवशी खाल्लेल्याचा, आणि मंद लयीत सुकलेला. शिवाय या दिवसांत अंगात पाणी धरून राहतं, पोट फुगल्यासारखं वाटतं, आणि मळ कमी व पोट भरलेलं हे दोन्ही एकदम जाणवतं. ‘पोट जड’ आणि ‘कोठा जड’ यांची गल्लत होते ती इथेच. पोट जड म्हणजे फुगलेलं, तटतटलेलं; मळ मऊ असूनही असं होऊ शकतं, आणि तिथे जुलाबाच्या औषधाने काही साधत नाही. कोठा जड हे मळावरून ओळखावं. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे किंवा गाठीगाठींचा लांबट मळ, मळाचे प्रकार दाखवणाऱ्या ब्रिस्टलच्या तक्त्यातला पहिला आणि दुसरा प्रकार. सोबत कुंथावं लागणं आणि ‘अजून राहिलं’ असं वाटत राहणं. रोज परसाकडला जाऊनही कोठा जड असू शकतो.

गर्भ राहिला नाही की पीतपिंड आटतो आणि प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतं. त्या उतारासरशी गर्भाशयाच्या अंतःस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होतात. ते गर्भाशय आवळतात, म्हणून ओटीपोटात कळा येतात. ते शेजारच्या आतड्यापर्यंतही पोचतात आणि आतडं जोराने आवळू लागतं. पहिल्या एक-दोन दिवसांत पातळ होतं ते यामुळे. म्हणजे ‘सुटतो’ ही नुसती बोलण्याची रीत नाही. जड होणं आणि सुटणं, दोन्ही त्या शब्दांच्या क्रमानेच घडतात.

हे कळलं की दोन चुका टाळता येतात. पहिली वेळेची. चार दिवस अडलं म्हणून पाळीच्या आदल्या रात्री कडक जुलाबाची गोळी घेतली, तर बिसाकोडिलसारखी गोळी 6 ते 12 तासांनी काम करते, आणि नेमक्या त्याच वेळी प्रोस्टाग्लँडिन कामाला लागलेले असतात. मग सकाळी जुलाब आणि पाळीच्या कळा एकत्र येतात. औषध घ्यायचंच तर आधीच घ्यावं आणि सौम्य घ्यावं. पाळी अपेक्षित असण्याच्या आठ-दहा दिवस आधी रोज रात्री इसबगोलाचा एक चमचा पूर्ण पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावा, वरून आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल आत घट्ट होऊन त्रास उलट वाढतो. दुसरी कुठली गोळी चालू असेल तर मध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं. खडे झाल्यावर एकदम चोथा वाढवला तर फक्त वारा वाढतो. भात, मासे आणि सोलकढी या ताटात चोथा जवळजवळ नसतोच. सोलकढीतला चोथा तर आपण पिळून फेकून देतो. त्या आठवड्यात अळू, तांबडी भाजी, चवळी किंवा कुळीथ यातलं काहीतरी रोज पोटात जायला हवं.

दुसरी चूक गोळ्यांची. पाळीच्या दुखण्यावर मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन एकत्र असलेली गोळी सर्रास घेतली जाते. मेफेनॅमिक ॲसिड प्रोस्टाग्लँडिन रोखतं. डायसायक्लोमिन आतड्याची आवळणं कमी करतं, आणि बद्धकोष्ठ हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. दुखायच्या भीतीने ही गोळी दोन दिवस आधीपासून घेतली तर मंद आतडं आणखी मंद होतं. लोहाच्या गोळ्यांचाही असाच हातभार लागतो. त्यांनी मळ काळा दिसला तर घाबरायचं कारण नाही.

कोकणात याचा सगळ्यात ठळक नमुना गणपतीत दिसतो. 2025चं उदाहरण घेऊ. पाळीचा पहिला दिवस 1 ऑगस्ट आणि चक्र 28 दिवसांचं. म्हणजे पुढची पाळी 29 ऑगस्टला अपेक्षित, कोठा जड होण्याचे दिवस 25 ते 28. गणेशचतुर्थी होती 27 ऑगस्टला. आदल्या दिवशी, 26ला, हरतालिका, आणि बऱ्याच घरांत हा उपास निर्जळी. आतडं आधीच पाणी शोषत बसलेलं असताना चोवीस तास पाणी बंद. त्यात पाळी पुढे ढकलायची गोळी. नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधी म्हणजे 26पासून सुरू. हे प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातलं औषध. नैसर्गिक उतार सुरू व्हायचा तिथे शरीराला ‘अजून उतरू नको’ असा निरोप मिळतो. गौरीसह विसर्जन 2 सप्टेंबरला. तेव्हा गोळी थांबवली तर रक्तस्राव साधारण 4-5 सप्टेंबरला येणार. म्हणजे चार दिवसांचं जडपण दहा-अकरा दिवस लांबण्याची शक्यता. सगळ्यांना तसं होत नाही, पण होतं तेव्हा बायका दोष मोदकांना देतात. यात जमेची बाजू एकच, 28ची ऋषिपंचमी. ऋषीच्या भाजीत अळू, सुरण, भोपळा, मका, भेंडी असा चोथ्याचा मोठा वाटा असतो, ती त्या दिवशी दोनदा वाढून घ्यावी. पाळी पुढे ढकलायची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर मुळीच नाही.

डॉक्टरांना सांगताना ‘पाळीपूर्व बद्धकोष्ठ’ हा शब्दप्रयोग चांगला, कारण त्यात वेळ आली. त्याआधी दोन-तीन चक्रं मळाचा प्रकार आणि तारीख वहीत टिपून ठेवावी. खडे महिनाभर दिसत असतील तर ते पाळीचं नव्हे. थायरॉइड, औषधं, आहार यांकडे पाहावं लागेल. पाळीच्याच दिवसांत परसाकडला बसताना गुदद्वारात खोल, तीव्र दुखत असेल किंवा मळातून रक्त जात असेल, तर ‘कोठा जड’ म्हणून सोडून देऊ नये. गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, म्हणजे एंडोमेट्रिओसिस, आतड्याच्या भिंतीवर पसरला असेल तर असं होऊ शकतं, आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हवं.