शेवटचा हप्ता गेल्यावरही खात्यावर बाकी दिसते, तेव्हा काय तपासावे?

प्रश्न: गृहकर्जाचा शेवटचा हप्ता भरला, तरी बँक काही बाकी आणि फोरक्लोजर चार्जेस दाखवते. भरावेत का, आणि नो ड्यूज कसे घ्यावे?

उत्तर: पैसे भरण्याआधी शाखेकडून कर्ज खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा मागून घ्यावा, कारण केवळ क्लोजिंग स्टेटमेंट पाहून बाकी कशाची आहे ते कळत नाही. उताऱ्यात मुद्दल शून्य झाले असेल, तर उरलेली रक्कम शुल्काची असते. मुद्दलच शिल्लक असेल, तर बहुधा व्याजदर वाढूनही हप्ता तेवढाच ठेवला गेलेला असतो आणि मुदत लांबलेली असते. अशी बाकी खरी असते, ती भरावीच लागते.

माझ्या बाबतीत मुद्दल ८५,००० रुपये राहिले असताना मी ते एकरकमी भरले होते. त्यानंतर स्टेटमेंटमध्ये ३,१८६ रुपये बाकी दिसले. त्यात मुद्दलाच्या २ टक्के, म्हणजे १,७०० रुपये फोरक्लोजर शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३०६ रुपये होते; उरलेले १,१८० रुपये दोन हप्ते परत गेल्याचे, प्रत्येकी ५९० रुपये होते. कर्ज बदलत्या व्याजदराचे आणि वैयक्तिक नावावर असल्याने रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लागू होत नव्हते. मी तसे लेखी कळवल्यावर २,००६ रुपये रद्द झाले. एक हप्ता खरोखर परत गेला होता, त्याचे ५९० रुपये मी भरले. दुसऱ्या तारखेला खात्यात पुरेशी रक्कम असल्याचे पासबुकावरून दाखवल्यावर तेही शुल्क मागे घेतले गेले.

आपण ठरलेल्या मुदतीत शेवटचा हप्ता भरला असेल, तर ती मुदतपूर्व परतफेडच नव्हे, म्हणून फोरक्लोजर शुल्क कोणत्या नोंदीवर लावले ते लेखी विचारावे. स्थिर दराचे कर्ज मुदतीआधी फेडले असेल, तर मात्र करारातील अट पाहावी लागते.

नो ड्यूज प्रमाणपत्रावर कर्ज खाते क्रमांक, सर्व सहकर्जदारांची नावे आणि कर्ज पूर्ण फिटल्याची तारीख असावी. त्याबरोबर मूळ कागदपत्रे परत घ्यावीत आणि ती कर्ज घेताना मिळालेल्या कागदपत्रांच्या यादीशी एकेक करून ताडून पाहावीत; मूळ करारनामा, नोंदणीची पावती किंवा सोसायटीचा भागदाखला यांपैकी काही राहिले, तर घर विकताना फार त्रास होतो. १ डिसेंबर २०२३ पासून, संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांच्या आत कागदपत्रे परत करणे आणि मालमत्तेवरील बोजा काढणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास ती दररोज ५,००० रुपये भरपाई देणे लागते. म्हणून परतफेडीची तारीख असलेल्या अर्जाची पोच शाखेच्या शिक्क्यासह घ्यावी. सोसायटीच्या दप्तरी बँकेच्या बोज्याची नोंद असेल, तर नो ड्यूजची प्रत देऊन ती कमी करून घ्यावी.

महिना-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून खाते ‘क्लोज्ड’ दिसते का ते पाहावे. ‘सेटल्ड’ दिसले, तर रक्कम सोडून तडजोड झाली असा त्याचा अर्थ होतो, तेव्हा नो ड्यूज जोडून दुरुस्तीचा अर्ज करावा.