डॅशबोर्ड सोपवतानाच्या पत्रात देखभालीचं काय लिहू?

पॉवर बीआयमधला डॅशबोर्ड तयार आहे. क्लायंटला द्यायच्या पत्रात देखभालीच्या अटी कशा मांडू?

आधी रिफ्रेश क्लायंटच्या खात्यावर घ्या आणि तसं पत्रात नोंदवा. नाहीतर तुमचा पासवर्ड बदलला की त्यांचे आकडे अडतील. खरा वाद होतो तो बिघाड कशाला म्हणायचं यावर. मी असं लिहितो: "विक्रीच्या फाइलमधल्या रकान्यांची नावं आहेत तशी असताना रिफ्रेश अडला, तर 30 दिवस विनामूल्य दुरुस्ती. `Amount` चं `Net Amount` केलंत, तर ते नवं काम, तासाप्रमाणे बिल."

रिफ्रेश लागोपाठ 4 वेळा फसला की पॉवर बीआय वेळापत्रकच बंद करतं, आणि जुने आकडे मात्र निवांत दिसत राहतात. म्हणून शेवटच्या रिफ्रेशची तारीख पहिल्याच पानावर ठेवा. ती रोज कोण बघणार, त्या माणसाचं नावही पत्रात घाला.