जंगलेला चाकू अन् कैची

प्रश्न: चाकू अन् कैचीले जंग लागला, धारही गेली, घरीच काय करता येईन?

चिंचेच्या घट्ट कोळात पातं अर्धा तास बुडवा, लाकडी मूठ बाहेरच ठेवा, मग तारेच्या घासणीनं घासा. आंबट जंग सोडवते पण जास्त वेळ राहिलं तं लोखंडही खाते, मी आईचा जुना चाकू रातभर ठेवला होता तं सकाळी पातं काळं अन् त्याले बारीक खड्डे, ते काही गेले नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा अन् लगेच कोरडं करा.

धारेले ओला दगड घ्या, पातं थोडं तिरपं, साधारण 20 अंशात धरून घासा, दुसऱ्या बाजूनं काठ बोटाले खरखरीत लागला (बोट धारेवरून लांब ओढू नका, आडवं फिरवा) की बाजू बदला.

कैचीचं वेगळं आहे. फक्त बाहेरचा उतार घासा, आतली सपाट बाजू घासली तं दोन पात्यांत फट पडते अन् कपडा कापायच्या ऐवजी मधातच दुमडते. स्क्रूवर मशीनच्या तेलाचा एक थेंब.

चाकूले खोबरेल तेलाचा पातळ हात पुरे. जवसाचं घरात असते म्हणून लावू नका, ते वाळून चिकट होते.