एका स्लाइडवर एकच मुद्दा, मग बाकीचा मजकूर न्यायचा कुठे?

प्रश्न: सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी प्रेझेंटेशन केलंय, पण प्रत्येक स्लाइड मजकुराने भरली आहे. माहिती तर सगळीच गरजेची आहे. कमी कशी करू?

उत्तर: काहीच काढू नका, फक्त जागा बदला. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पाणीप्रश्नाची स्लाइडच उदाहरण म्हणून घेतो. शीर्षक होतं ‘पाणीपुरवठा: सद्यस्थिती व उपाय’ आणि खाली आठ ओळी: कमी दाब, टँकरचा वाढता खर्च, बी विंगच्या टाकीची गळती, कंत्राटदाराचं कोटेशन वगैरे.

खरी अडचण शीर्षकात होती. ‘पाणीपुरवठा’ हा विषय झाला, आणि विषयाखाली कितीही ओळी मावतात. म्हणून आधी शीर्षकाच्या जागी पूर्ण वाक्य लिहायचं. आठ ओळींतून तीनच वाक्यं निघाली: ‘उन्हाळ्यात टँकरचा खर्च दुप्पट होतो’, ‘बी विंगची टाकी तळाशी गळते’, ‘दुरुस्तीला आज मंजुरी हवी’. उरलेल्या ओळी या तिघांचे पुरावे किंवा तपशील होते. एका स्लाइडच्या तीन झाल्या, पण बोलायला वेळ तेवढाच लागला.

चित्र वाक्यावरून ठरतं. खर्चाच्या वाक्याला बारा महिन्यांचे बारा उभे स्तंभ. एप्रिल-मे गडद निळे, बाकीचे फिकट राखाडी. मागच्या आडव्या रेषा आणि रंगांची सूची काढून टाकली, आकडे फक्त त्या दोन स्तंभांवर ठेवले. गळतीला मोबाइलवर काढलेला भेगेचा फोटो, स्लाइडभर मोठा, आणि भेगेकडे एक बाण. मंजुरीच्या स्लाइडवर कोटेशनची एकूण रक्कम आणि प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला येणारी रक्कम, एवढंच.

इथे बहुतेक जण नेटवरून नळाच्या थेंबाचा देखणा फोटो उचलतात. त्यातून सिद्ध काहीच होत नाही. शीर्षक हाताने झाकून घरातल्या कुणाला विचारा, ‘यात काय दिसतंय?’ उत्तर तुमच्या वाक्याच्या आसपास आलं तर चित्र ठेवा, नाहीतर बदला.

मूळच्या ओळी पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडखालच्या Notes मध्ये टाका. Presenter View मध्ये त्या फक्त तुम्हालाच दिसतात. सभेला न आलेल्यांना ग्रुपवर नुसत्या स्लाइड पाठवल्या तर त्यांना अर्धंच कळेल, म्हणून त्यांच्यासाठी Notes Pages ची पीडीएफ काढा: वर स्लाइड, खाली मजकूर.

शेवटी Outline View उघडून फक्त शीर्षकं ओळीने वाचा. मध्येच ‘हे इथे कुठून आलं?’ असं वाटलं, तर तिथे एक स्लाइड कमी आहे किंवा क्रम चुकलाय.

ताळेबंदाला मात्र ही पद्धत लावू नका. तो छापून सभासदांच्या हातात द्या. पडद्यावर त्यातली ज्या खर्चावर चर्चा व्हायची आहे तेवढी एकच ओळ मोठ्या अक्षरात दाखवा.