टोकन देण्याआधीचे सहा आठवडे

प्रश्न: चिपळूणला गृहकर्ज सल्लागार आहे. पहिल्यांदा घर घेणारे चौकशी करतात, ईमेल देतात आणि मग गप्प होतात. मी दर सोमवारी बँकांचे व्याजदर पाठवतो, पण कुणाचं उत्तर येत नाही. किती मेल पाठवू आणि त्यात काय लिहू?

उत्तर: सोमवारचा व्याजदर बंद करा. ज्याचं घरच ठरलेलं नाही, त्याला पाव टक्क्याने काही फरक पडत नाही. मी रत्नागिरीत बारा वर्षं हेच काम करतेय. गप्प बसलेल्या माणसाला बहुधा एकच धास्ती असते: टोकन दिलं आणि बँकेने नाही म्हटलं तर? सहा आठवड्यांत पाच मेल पुरतात, आणि ते या धास्तीभोवतीच बेतायचे.

पहिला मेल चौकशीच्या दिवशीच पाठवा. चार ओळींचा. त्यात तुम्हाला पैसे कोण देतं ते सरळ लिहा. बँकेकडून कमिशन मिळत असेल तर तसं सांगा. समोरच्याच्या मनात हा प्रश्न असतोच, फक्त तो विचारायला संकोचतो.

चार-पाच दिवसांनी हिशेबाचा मेल. लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी करणारा, चिपळुणात भाड्याने राहणारा तरुण समजा. फ्लॅट ३२ लाखांचा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, म्हणून तो ३ लाख २० हजार जमवून बसलेला असतो. पण १० लाखांवरच्या घराला मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरलं तर १ लाख ९२ हजार, नोंदणी फी ३० हजार. म्हणजे हाताशी ५ लाख ४२ हजार हवेत, तेही बँकेने पूर्ण ९० टक्के दिले तरच. हा आकडा करार व्हायच्या आठवड्यात कळला तर माणूस सावकाराकडे जातो. म्हणून तो लवकर सांगायचा आणि त्यांच्या गावचा दर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारायला लावायचा.

तिसरा मेल दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, शनिवारी संध्याकाळी पाठवा. मुंबईचा भाऊ, वडील, बायको असे सगळे मिळून निर्णय घेतात आणि मेल फोनवरून वाचून दाखवला जातो. माझा मेल साधारण असा असतो:

"नमस्कार. फ्लॅट पसंत पडला असेल तर टोकन देण्याआधी बिल्डरकडून तीन कागदांच्या प्रती मागा: जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेतीचा आदेश आणि नगर परिषदेची बांधकाम परवानगी. मला पाठवा, मी बँकेच्या वकिलाला दाखवते. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. टोकनच्या पावतीवर 'कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत' एवढं लिहून घ्या."

हा मेल एका चुकीतून आला. सुरुवातीच्या काळात माझ्या एका ग्राहकाने ५० हजार टोकन दिलं. सातबाऱ्यावर सामाईक नावं होती, त्यातले दोन वारस मुंबईत आणि त्यांच्या सह्याच नव्हत्या. बँकेने फाइल परत केली. पैसे सुटायला आठ महिने गेले, आणि त्या ग्राहकाने मला पुन्हा फोन केला नाही. आपल्याकडे सामाईक हिश्श्यांच्या आणि कुळांच्या जमिनी भरपूर, त्यामुळे पुण्यातल्या सल्लागाराचे तयार मेल उचलले तर हा धोका त्यांत नसतोच.

चौथा मेल चौथ्या आठवड्यात, आणि चिपळूणकरांसाठी तो पाण्याचाच हवा. २२ जुलै २०२१ नंतर तिथे प्रत्येकजण आधी "पाणी कुठवर आलं होतं?" असंच विचारतो. प्लॉट वाशिष्ठीच्या निळ्या किंवा लाल पूररेषेत येतो का, ते नगर परिषदेत विचारायला सांगा. शेजाऱ्यांना भिंतीवरची खूण दाखवायला सांगा. कर्जाचा एक शब्दही नको. माझ्याकडे सर्वांत जास्त उत्तरं याच मेलला येतात.

पाचवा सहाव्या आठवड्यात. एकच प्रश्न: "कुठे अडलंय?" खाली लिहा की आता तुम्ही विचारल्याशिवाय मेल येणार नाही, आणि तो शब्द पाळा.

किती जणांनी मेल उघडला हा आकडा धरू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये ग्राहकाने न वाचताही चित्रं आधीच उतरवून घेण्याची सोय आहे, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. उत्तरं मोजा, कागद किती जणांनी पाठवले ते मोजा. ज्याचं उत्तर आलं त्याला त्याच दिवशी मालिकेतून काढा आणि फोन करा. कागद पाठवून बसलेल्या माणसाला दोन दिवसांनी "टोकन देण्याआधी" असा ठरलेला मेल गेला, की आपण त्याचं काही वाचलंच नाही असं त्याला वाटतं, आणि तो दुसरीकडे जातो.

गणपतीचे दिवस मात्र मोकळे सोडा. मालिका थांबवा आणि विसर्जनानंतर जिथे होती तिथूनच पुढे न्या.