धमकी ऐकल्यावर डॉक्टरांचे कर्तव्य कुठपर्यंत?

रुग्णाने कोणाला मारण्याचा इरादा सांगितला आणि आपण पोलिसांना कळवले, तर जबाबदारी संपते का?

नाही, टॅरासॉफ खटला शिकवताना मी नेमका इथेच थांबतो. १९६९ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञाने रुग्णाच्या धमकीबद्दल विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले होते, पण पोलिसांनी रुग्णाला ताब्यात घेऊन, तो भानावर वाटला म्हणून सोडले आणि ज्या टॅरासॉफ नावाच्या तरुणीला मारण्याचा इरादा त्याने सांगितला होता, तिला कोणीच सावध केले नाही. तिची हत्या झाली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये संरक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे कर्तव्य ठरवले, मग त्यासाठी इशारा द्यावा लागो वा अन्य उपाय करावा लागो. म्हणून लक्ष्य कोण, शस्त्र हाताशी आहे का, हे रुग्णालाच स्पष्ट विचारावे, आणि संरक्षणाला लागेल तेवढेच बाहेर सांगावे. त्याच्या बालपणाच्या गोष्टी पोलिसांना सांगण्याचे कारण नाही.